रात्रीच्या जळजळीवर सकाळची गोळी
रॅनिटिडीनमधल्या एनडीएमए या घातक अशुद्धीवर लक्ष ठेवा, असे केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२५च्या जुलैत राज्यांना कळवले. ती गोळी नको, तर मग कोणती? मेडिकलवर बहुतेकदा पँटोप्राझोलची पट्टी पुढे येते. कधीमधी होणाऱ्या पित्तावर हे उत्तर मला चुकीचे वाटते.

समजा, कुंभार पिंपळगावातल्या एका शेतकऱ्याने रात्री साडेनऊला झणझणीत रस्सा-भाकरी खाल्ली, लगेच अंग टाकले आणि अकराला छातीत जळजळ सुरू झाली. त्याने तेव्हा पँटोप्राझोल घेतली, तर गोळी आधी आतड्यात विरघळणार आणि मग रक्तातून जठराच्या पेशींपर्यंत जाणार. तिथे ती आम्ल सोडणारे पंप बंद करते, पण फक्त त्या वेळी चालू असलेले. पंप जोरात चालू होतात ते जेवणाने. म्हणूनच ही गोळी सकाळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते आणि तिचा पूर्ण जोर यायला तीन-चार दिवस लागतात. पोटात आधीच साठलेल्या आम्लाला ती हातही लावत नाही.

त्या आम्लाला निष्प्रभ करते अँटासिड. पातळ औषधाचे दोन चमचे, किंवा गोळी नीट चावून. काही मिनिटांत उतार पडतो. उपाशीपोटी तो तासभरही टिकत नाही, जेवणानंतर दोन-तीन तास टिकतो. रक्तदाब असलेल्यांनी सोड्याची पूड टाळावी, तिच्यात सोडियम भरपूर असते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर कोणतेही अँटासिड विचारूनच घ्यावे.

लग्नाच्या पंगतीनंतर त्रास होणारच हे ठाऊक असेल, तर फॅमोटिडीन २० मिलिग्रॅम तासभर आधी घ्यावी. ही रॅनिटिडीनच्याच गटातली. आम्ल सोडण्याचा हिस्टामिनचा निरोप ती अडवते आणि दहा-बारा तास पुरते. रोज घेतली तर दोनेक आठवड्यांत तिचा असर बोथट होतो.

पँटोप्राझोलच्या गटाबद्दल मला खरी काळजी वाटते ती वेगळीच. डेन्मार्कमध्ये पित्ताचा त्रास नसलेल्या १२० धडधाकट माणसांवर एक प्रयोग झाला; तो २००९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आठ आठवडे याच गटातली इसोमेप्राझोल दिली. गोळी थांबल्यानंतरच्या महिन्याभरात त्यांतल्या ४४ टक्के लोकांना कधी ना कधी पित्ताचा त्रास झाला. नकली गोळीवाल्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. आम्ल दाबून ठेवले की गॅस्ट्रिन वाढते, आम्ल तयार करणाऱ्या पेशी सज्ज होतात आणि गोळी सुटताच आम्ल उसळते. माणसाला वाटते, आजार परत आला. तो पुन्हा पट्टी आणतो.

अल्सर असेल, अन्ननलिकेला जखमा असतील किंवा उतारवयात रोज वेदनाशामके चालू असतील, तर हीच गोळी मोलाची ठरते. डॉक्टरांनी दिलेली असेल, तर ती परस्पर बंद करू नये. जळजळ आठवड्यातून दोनदा किंवा जास्त होत असेल, घास अडकत असेल, वजन घटत असेल, तर आधी तपासणी. काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली, अथवा छातीतल्या दुखण्याबरोबर घाम फुटून हात-जबडा दुखू लागला, तर अँटासिडची वाट न पाहता थेट दवाखाना गाठावा.