पूर ओसरतो, भिंत ओलीच राहते

ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर आले आणि वाहतूक बंद पडली. त्या वर्षी गणेशचतुर्थी २ सप्टेंबरला होती. पाणी ओसरून चिखल काढायचा, घर धुवायचे, रंग द्यायचा आणि गणपती बसवायचा, यासाठी निपाणी भागातल्या नदीकाठच्या घरांना जेमतेम तीन आठवडे मिळाले. माझे म्हणणे असे की अशा वेळी सगळ्यात जास्त नुकसान या घाईच्या रंगाने होते. फरशी वाळली म्हणून खोली वाळत नाही. बुरशी पोसते ती भिंतीत मुरलेल्या पाण्यावर, आणि त्या पाण्याची बाहेर पडायची वाट आपणच बंद करतो.

हिशेब मांडून पाहू. बारा फूट लांबीची नऊ इंची विटांची भिंत तीन फुटांपर्यंत पाण्यात राहिली, असे धरू. तेवढ्या भागाचे वजन दीड टनाच्या आसपास भरते. त्याच्या दहाव्या हिश्शाइतके पाणी शोषले गेले असे मानले, तरी एकाच भिंतीत दीडशे लिटरच्या जवळपास पाणी बसले. शिवाय वीट पाणी वर ओढते, त्यामुळे ओल पुराच्या खुणेच्याही वर चढते. बांधकामातला ढोबळ अंदाज असा, की भिंतीची जाडी महिन्याला सुमारे एक इंच वाळते. दोन्ही अंगांनी वारा मिळाला तरी नऊ इंचांना चार-पाच महिने लागणार. तेव्हा ऑगस्टच्या अखेरीस हाताला कोरडी लागणारी भिंत आतून ओली असते, यात नवल नाही.

म्हणून पहिले काम धुण्याचे, आणि तेही चिखल ओला असतानाच. काळ्या मातीचा गाळ एकदा वाळून बसला की सहजी निघत नाही आणि भिंतीची छिद्रे बुजवतो. त्यानंतर पाण्याच्या खुणेच्या फूटभर वरपर्यंत ऑइल पेंट, प्लास्टिक पेंट आणि पुट्टी खरवडून काढावी. गिलावा ठोकून पाहावा. पोकळ वाजेल तिथे तो उतरवावा. मातीत बांधलेल्या जुन्या भिंतीला मात्र हात लावण्याआधी गवंड्याला दाखवावे, कारण भिजलेली माती भार पेलेलच असे नाही. बुडालेले स्विचबोर्ड आणि वायरिंग वायरमनने तपासेपर्यंत मेन स्विच बंदच ठेवावा, पंख्याचा विचार त्यानंतर.

खिडक्या सताड उघड्या ठेवल्या की झाले, असे पुष्कळांना वाटते. उघडीप असेल तेव्हा ते बरोबरच आहे. पण संततधारेत बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते, ती भिंतीतली ओल फारशी उचलत नाही. निपाणीकरांना हे वेगळे सांगायला नको. पावसाळी हवेत उघडी राहिलेली तंबाखू वखारीत कशी मऊ पडते, हे त्यांनी पाहिलेले असते. तेव्हा ऊन पडले की समोरासमोरची दारे-खिडक्या उघडाव्यात, टेबल फॅनचा झोत भिंतीच्या अंगाने जाईल असा लावावा आणि पाऊस लागला की खिडक्या ओढून घेऊन पंखा तेवढा चालू ठेवावा. खोलीत गॅसची शेगडी पेटवून ठेवण्याची युक्ती उलटते. एक किलो गॅस जळला की सुमारे दीड किलो पाण्याची वाफ खोलीत येते, आणि बंद खोलीत विषारी वायूने जीव जाण्याची भीती वेगळीच.

इतके करूनही काळे-हिरवे ठिपके उठले, तर ते कोरड्या ब्रशने झाडू नयेत. बुरशीचे कण घरभर पसरतात. नाकाला मास्क लावून साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसावेत. ब्लीचिंग पावडरचे पाणी फरशीला किंवा टाइल्सना चालते. गिलाव्यावर ते वरवरचा डाग घालवते आणि वर ओल वाढवते. ते टॉयलेट क्लीनरमध्ये कधीही मिसळू नये, क्लोरीन वायू सुटतो. भिंतीवर पांढरी भुकटी दिसली आणि ओल्या बोटाने ती विरघळली, तर तो क्षार आहे, बुरशी नाही. तो मात्र कोरड्या ब्रशनेच काढावा. धुतला तर पुन्हा भिंतीत मुरतो. भिजलेल्या कापसाच्या गाद्यांवर मात्र जीव अडकवू नये, त्या आतून वाळत नाहीत.

आता खरा आक्षेप: गणपती काय पोपडे निघालेल्या भिंतीपुढे बसवायचा? हे म्हणणे मला रास्त वाटते, आणि त्यावर जुना उपाय आहे, चुन्याची सफेदी. चुना भिंतीतली वाफ बाहेर जाऊ देतो आणि त्याच्या दाहक गुणामुळे बुरशी सहसा धरत नाही. सण साजरा होतो, भिंतही वाळत राहते. पक्क्या रंगाची वेळ आली का, हे पाहायला हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला दव जमले, तर रंगाचा डबा उघडू नये. कपाटेही तोवर भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेलीच ठेवावीत, कारण त्यांच्या प्लायवूडच्या पाठीमागे वारा पोहोचत नाही आणि बुरशीची पहिली वस्ती बहुतेक तिथेच होते.