थोडा आधी वाजवलेला ठोका

सर्व्हरसाठी बनवलेल्या जुन्या पीसी१३३ मेमरीची पट्टी हातात घेतली, तर मेमरी चिपांच्या रांगेजवळ काही चिपा निराळ्या दिसतात. त्यांतली एक काहीच साठवत नाही. मदरबोर्डाकडून क्लॉक एका पिनवर घ्यायचा आणि पट्टीवरच्या सगळ्या चिपांना एकाच क्षणी पोचवायचा, एवढेच तिचे काम. तिला झिरो-डिले बफर म्हणतात.

क्लॉक म्हणजे ठरावीक लयीत वर-खाली होणारे व्होल्टेज. ते वर चढते त्या कडेला, म्हणजे एजला, प्रत्येक चिप समोरचा डेटा उचलते. १३३ मेगाहर्ट्झला दोन एजांमध्ये साडेसात नॅनोसेकंद असतात. त्यांतले ५.४ मेमरी डेटा बाहेर ठेवायला घेऊ शकते. पुढची एज येण्याआधी वाचणाऱ्या कंट्रोलरला तो डेटा दीडेक नॅनोसेकंद स्थिर हवा असतो. उरले ०.६. बोर्डावर सिग्नल एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटिमीटर जातो, म्हणजे पाच सेंटिमीटरच्या वाटेला एक तृतीयांश नॅनोसेकंद. शेवटी हातात राहतो जेमतेम पाव नॅनोसेकंद, आणि क्लॉक मागेपुढे झाला तर तो यातूनच जातो.

एक पिन इतक्या चिपा ओढू शकत नाही. भार वाढला की एज मंदावते. म्हणून एकाचे दहा करणारा बफर लावायचा, यालाच फॅन-आउट म्हणतात. पण साध्या बफरमधून जाताना क्लॉक काही नॅनोसेकंद उशिरा बाहेर पडतो, आणि तो उशीर तापमानाबरोबर बदलतो. पाव नॅनोसेकंदाच्या शिलकीत हे बसत नाही.

मग उशीर शून्य कसा होतो? तो होतच नाही. ढोल पथकात फार मागे उभा असलेला वादक आपला आवाज पुढे उशिरा पोचतो हे ओळखून किंचित आधी टोल देऊ लागतो. ताल ठरलेला असल्यामुळेच त्याला ते जमते. बफरमध्ये हे काम पीएलएल करतो. बफरचे एक आउटपुट कोणत्याही चिपकडे न नेता, ट्रेसने वळवून त्याच्याच फीडबॅक पिनवर परत आणलेले असते. पीएलएल ही परतलेली एज आणि बाहेरून आलेली एज ताडून पाहतो, आणि दोन्ही जुळेपर्यंत आपला आतला ऑसिलेटर पुढेमागे सरकवतो. ताल पकडायला वेळ लागतो. चालू केल्यावर सुरुवातीचे हजारो ठोके वापरायचे नसतात.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते. पीएलएल जुळवतो ती एज फीडबॅक पिनवरची, मेमरी चिपांवरची नव्हे. चिपांकडे जाणारे ट्रेस आणि फीडबॅकचा ट्रेस सारख्याच लांबीचे असले आणि त्यांवरचा भार सारखा असला, तरच इथे जुळलेले तिथेही जुळते.

मी हे एका बोर्डावर चुकून शिकलो. चार मेमरी चिपांकडे जाणारे ट्रेस मी काटेकोरपणे सात-सात सेंटिमीटरचे ठेवले, आणि फीडबॅक मात्र शेजारच्याच पिनवर एका सेंटिमीटरमध्ये जोडून टाकला. बोर्ड सकाळी नीट चाले. तासाभराने तापला की वाचलेल्या डेटात चुका येत. क्लॉक १०० मेगाहर्ट्झवर आणला की चुका गायब. म्हणजे वेळ कमी पडत होता. आणखी खाली दहावर नेला, तर सगळेच ठप्प झाले, आणि त्यात माझा एक दिवस गेला. त्या बफरचा पीएलएल २५ मेगाहर्ट्झच्या खाली ताल धरतच नव्हता.

स्कोपचे दोन्ही प्रोब आधी एकाच बिंदूवर लावून त्यांच्यातला फरक वजा केला. मग एक बफरच्या इनपुटवर आणि दुसरा मेमरीच्या पिनवर धरला. चारही चिपा आपसांत जुळलेल्या होत्या, पण चौघीही ०.४ नॅनोसेकंद मागे होत्या. सहा सेंटिमीटरच्या फरकाचा हिशेब तंतोतंत तेवढाच. मेमरी थंड असताना ५.४ च्या बरीच आधी डेटा देत होती, म्हणून सकाळी निभावत होते.

फीडबॅक पिनवर काही पिकोफॅरडचा कपॅसिटर लावला. परतणारी एज त्याने मंदावली, पीएलएलने सगळी आउटपुटे तेवढी आधी काढली, आणि तापलेला बोर्डही चालू लागला. पुढच्या आवृत्तीत कपॅसिटर काढून फीडबॅकचा ट्रेस नागमोडी वळणे देत सात सेंटिमीटरचा केला.