आधी पॅनल उलटं करून वाचा

सोलरच्या दुकानात चार्ज कंट्रोलर मागितला की काउंटरवर दोन डबे येतात. एक तळहाताएवढा, हलका, हजार रुपयांच्या आतबाहेरचा. दुसरा जड, पाठीला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असलेला, किंमत तिप्पट-चौपट. दोघांचं काम एकच: पॅनलची वीज बॅटरीत बेताने भरायची, बॅटरी भरली की हात आखडता घ्यायचा आणि रात्री बॅटरीतली वीज उलटी पॅनलकडे जाऊ द्यायची नाही. स्वस्त तो पीडब्ल्यूएम, महाग तो एमपीपीटी. ‘महागातला घ्या, तीस टक्के वीज जास्त मिळेल,’ असं दुकानदार सांगतो. ते खोटं नसतं. मात्र हे तीस टक्के प्रत्येक छपरावर मिळत नाहीत, आणि आपल्याला मिळतील का हे पॅनलच्या पाठीवर चिकटवलेल्या कागदावरून कळतं.

त्या कागदावर बरेच आकडे असतात. त्यातला Vmp हा शोधायचा. पॅनल सर्वांत जास्त वीज देतं तेव्हा त्याचा दाब किती व्होल्ट असतो, ते हा आकडा सांगतो. ३६ सेलच्या छोट्या पॅनलवर तो १८च्या आसपास दिसतो. दुकानात याच पॅनलला ‘१२ व्होल्टचं’ म्हणतात, कारण ते १२ व्होल्टच्या बॅटरीसाठीच बेतलेलं असतं.

आता ही बॅटरी चार्ज होताना १३-१४ व्होल्टवर असते. पीडब्ल्यूएम हा मुळात एक जलद स्विच आहे. तो पॅनल सरळ बॅटरीला जोडतो आणि बॅटरी भरत आली की सेकंदाला कित्येकदा जोड-तोड करून प्रवाह कमी करतो. सरळ जोडल्यावर पॅनलला बॅटरीच्याच दाबावर यावं लागतं. म्हणजे अठरा रुपये देऊन तेरा रुपयांचा माल घ्यायचा आणि सुटे परत मिळायचे नाहीत, असा हा व्यवहार. एमपीपीटी सुटे परत देतो. तो पॅनलला १८ व्होल्टवरच काम करू देतो आणि उरलेल्या दाबाचं रूपांतर जादा अँपिअरमध्ये करून बॅटरीकडे पाठवतो. या अदलाबदलीत पाचेक टक्के तो स्वतः खातो.

मग प्रत्येकाने एमपीपीटीच का घेऊ नये? याचं उत्तर आपल्या उन्हात आहे. पॅनलवरचे आकडे सेलचं तापमान २५ अंश धरून छापलेले असतात. मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या छपरावर दुपारी सेल सहज ६० अंशांवर जातात, आणि सेल तापले की दाब उतरतो. १८ व्होल्टचे साधारण साडेपंधरा होतात. बॅटरी साडेतेरावर असेल तर परत घ्यायला सुटे उरलेच किती?

एक घर धरू. चार एलईडी दिवे, एक बीएलडीसी पंखा, राउटर आणि मोबाइल, असा दिवसाचा खप साधारण ५०० वॉट-तास. बॅटरी १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची. छपरावर शंभर वॉटची दोन पॅनल, समांतर जोडलेली. प्रत्येकाचा प्रवाह साडेपाच अँपिअर, म्हणून पीडब्ल्यूएममधून बॅटरीला ११ अँपिअर मिळतात. एमपीपीटीचा हिशोब असा: २०० वॉटचे उन्हात १७२ राहिले, त्यातले पाच टक्के कंट्रोलरने घेतले, उरले १६३. भागिले साडेतेरा, आले १२ अँपिअर. फरक एका अँपिअरचा. डिसेंबरातल्या थंड, लख्ख सकाळी, रात्री वापरून बॅटरी रिकामी झालेली असताना, हा फरक तीन अँपिअरपर्यंत जाईल. दुकानदाराचे तीस टक्के ते हेच. पण पावसाळी ढगांत प्रवाहच पाचव्या भागावर येतो, तेव्हा त्यावर मिळणारे टक्के मोजून फारसं काही हाती लागत नाही.

चांगल्या उन्हाचे पाच तास धरले तर ११ अँपिअरने ५५ अँपिअर-तास होतात. बॅटरीतली घट वजा करून सत्तेचाळीसच्या आसपास उरतात. घराला लागतात चाळीसेक. म्हणजे स्वस्त कंट्रोलर इथे पुरतो. हातात पैसे असतीलच, तर महागड्या डब्याऐवजी शंभर वॉटचं तिसरं पॅनल घ्यावं. एका अँपिअरऐवजी साडेपाच अँपिअर वाढतात, आणि ढगाळ दिवसांत ती वाढ खरोखर जाणवते. मात्र कंट्रोलर २० अँपिअरचा हवा.

आता शेजारचं घर. त्यांनी ३३० वॉटचं एकच मोठं पॅनल आणलं, कारण मोठं पॅनल वॉटमागे स्वस्त पडतं. बॅटरी १२ व्होल्टचीच, १५० अँपिअर-तासांची. पॅनलच्या पाठीवर ७२ सेल, Vmp साडेसदतीस, प्रवाह पावणेनऊ अँपिअर. पीडब्ल्यूएम लावला तर बॅटरीला जेमतेम नऊ अँपिअर मिळतात, म्हणजे ३३०पैकी सव्वाशेही वॉट नाहीत. एमपीपीटी लावला तर भर उन्हातही वीस अँपिअर येतात. इथे स्वस्त डबा म्हणजे अर्ध्याहून अधिक पॅनल फुकट घालवणं. गंमत अशी की, याच घरात दोन बॅटऱ्या सरीत जोडून २४ व्होल्टची जोडणी केली, तर पीडब्ल्यूएम पुन्हा चालतो. तापलेलं पॅनल ३२ व्होल्टवर असतं, बॅटरी सत्तावीस-अठ्ठावीसवर, त्यामुळे वाया जाणारे सुटे थोडेच. अर्थात इन्व्हर्टरही २४ व्होल्टचा लागतो.

मधली जात फसवी असते. ६० सेलच्या पॅनलचा Vmp तिशीच्या आसपास असतो. १२ व्होल्टच्या बॅटरीला तो फार जास्त होतो. २४ व्होल्टच्या बॅटरीला तो कागदावर पुरतो, पण उन्हात सव्वीसवर घसरतो आणि बॅटरी पूर्ण भरायला अठ्ठावीसच्या वर दाब लागतो. रोज अर्धवट भरत राहिलेली लेड-ॲसिड बॅटरी लवकर मरते, आणि दोष मात्र बॅटरीवर येतो. असं पॅनल असेल तर १२ व्होल्टची बॅटरी आणि एमपीपीटी हीच जोडी ठेवावी.

एमपीपीटी घेताना कागदावरचा आणखी एक आकडा पाहायचा: Voc, म्हणजे काहीच न जोडलेल्या पॅनलचा दाब. वरच्या मोठ्या पॅनलचा तो ४६ व्होल्ट असतो. निफाडसारख्या ठिकाणी पहाटे पारा पाच अंशांवर आला की तो ४९ला टेकतो. कंट्रोलरवर ‘कमाल ५० व्होल्ट’ लिहिलं असेल तर ही जोडी धोक्याच्या काठावर आहे. मर्यादा ओलांडली की आतले भाग जळतात. पुढच्या मापाचा कंट्रोलर घ्यावा. आणि कुठलाही कंट्रोलर असो, जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल, काढताना उलट.

शेवटी एक सावधगिरी. डब्यावर एमपीपीटी छापलेले, पण आत साधा पीडब्ल्यूएम असलेले कंट्रोलर बाजारात बरेच आहेत. वजन हलकं असेल तर शंका घ्यावी, कारण खऱ्या एमपीपीटीच्या आत तांब्याच्या तारेची जड कॉइल असते. खात्री करायला मल्टिमीटर पुरतो. बॅटरी अर्धी वापरलेली असताना, सकाळी दहाच्या उन्हात, चार्जिंग चालू ठेवून पॅनलच्या टर्मिनलवर व्होल्ट मोजायचे. बॅटरीइतकेच, तेराच्या आसपास दिसले तर तो पीडब्ल्यूएम. सतरा-अठरा किंवा मोठ्या पॅनलवर तीसच्या वर दिसले तर तो खरा एमपीपीटी. भरलेल्या बॅटरीवर मात्र ही परीक्षा घेऊ नये, कारण तेव्हा दोन्ही प्रकारांत पॅनलचा दाब वर चढतो. हे माप पहिल्या दोन-चार दिवसांतच घ्यावं, म्हणजे बिल हाताशी असतानाच डबा परत करता येतो.