कांजिण्यांची रजा: शाळेला काय लिहावं?

सोमवारी सकाळी आंघोळ घालताना आर्याच्या पाठीवर चार-पाच लाल पुटकुळ्या दिसल्या. संध्याकाळपर्यंत त्यांत पाणी धरलं आणि पोटावर, केसांत नव्या उठल्या. डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितलं, कांजिण्या. तारीख 2 फेब्रुवारी. त्याच रात्री तिच्या आईने वर्गशिक्षिकांना दोन ओळी कळवल्या: ‘आर्याला कांजिण्या झाल्या आहेत. ती शनिवारी, 31 जानेवारीला वर्गात होती.’

यातली दुसरी ओळ शाळेच्या फार कामाची आहे. कांजिण्यांचा संसर्ग पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरू लागतो. लागण झाल्यावर पुरळ यायला 10 ते 21 दिवस लागतात. म्हणजे शनिवारी आर्याच्या बाकावर बसलेल्या मुलाला लागण झाली असेल, तर ती 10 ते 21 फेब्रुवारीच्या दरम्यान दिसेल. शिवाय वर्गावर येणाऱ्या एखाद्या शिक्षिका गरोदर असतील आणि त्यांना पूर्वी कांजिण्या झालेल्या नसतील, किंवा एखाद्या मुलाची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी झालेली असेल, तर त्यांना लगेच डॉक्टरांना भेटता येतं. म्हणून हे कळवणं बरं होईपर्यंत लांबवू नये.

पुढचं सविस्तर पत्र मात्र मूल शाळेत परतताना द्यायचं. त्याला दोन कागद जोडायचे. वैद्यकीय प्रमाणपत्रात आजाराचं नाव, तपासल्याची तारीख आणि विश्रांतीचा काळ असतो. फिटनेस सर्टिफिकेटमध्ये मूल अमुक तारखेपासून शाळेत यायला हरकत नाही, एवढंच असतं. दोन्हींवर डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक आहे ना, हे दवाखान्यातून निघण्याआधीच पाहून घ्यावं.

चूक होते ती बहुधा फिटनेसच्या तारखेत. पहिल्याच दिवशी ‘आठवड्यानंतरची तारीख घालून फिटनेसही देऊन टाका’ असं पालक म्हणतात. पण कांजिण्यांचे फोड एकदम येत नाहीत, लाटेलाटेने येतात. एकाच पाठीवर लाल ठिपका, पाण्याने टपोरलेला फोड आणि वाळलेली खपली एकाच वेळी दिसते. शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत संसर्गाचा धोका असतो. साधारण पाच ते सात दिवसांत ते होतं, पण एखाद्याला जास्तही लागतात. ताप उतरला, मूल खेळू लागलं, एवढ्यावरून ठरवता येत नाही. खपल्या गळून पडायची वाट पाहण्याचीही गरज नसते. त्या वाळल्या की पुरे. लस घेतलेल्या मुलाला कधी नुसतेच ठिपके येतात, खपली धरतच नाही. तिथे चोवीस तासांत नवा ठिपका आला नाही, हे पाहतात.

आर्याला शुक्रवारपर्यंत नवे फोड येत होते. सोमवारी, 9 तारखेला डॉक्टरांनी टाळू, काखा, पाठ सगळं पाहिलं. ओला फोड एकही नव्हता. मग हे पत्र गेलं:

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,

विषय: आजारपणामुळे झालेली गैरहजेरी

महोदया,
माझी मुलगी कु. आर्या (इयत्ता तिसरी, तुकडी ब) हिला कांजिण्या झाल्यामुळे ती दि. 2 ते 9 फेब्रुवारी 2026 या काळात शाळेत येऊ शकली नाही. सर्व फोडांवर खपल्या धरल्या असून डॉक्टरांनी तिला दि. 10 फेब्रुवारीपासून शाळेत येण्यास परवानगी दिली आहे. कृपया वरील दिवसांची रजा मंजूर करावी, तसेच या काळात झालेल्या घटक चाचणीबाबत मार्गदर्शन करावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
(पालकाची सही)

सोबत:
1. वैद्यकीय प्रमाणपत्र, दि. 2 फेब्रुवारी
2. फिटनेस सर्टिफिकेट, दि. 9 फेब्रुवारी

पत्रातल्या आणि कागदांवरच्या तारखा जुळायलाच हव्यात. प्रमाणपत्रात विश्रांती 7 तारखेपर्यंत आणि पत्रात रजा 9 पर्यंत असेल, तर उरलेल्या दिवसांबद्दल शाळा विचारणारच. आर्याच्या पहिल्या प्रमाणपत्रात पाचच दिवस लिहिले होते. 9 तारखेच्या तपासणीत डॉक्टरांनी फिटनेसमध्येच ‘2 ते 9 फेब्रुवारी उपचार चालू होते’ असं नमूद केलं. मूळ कागद शाळेत देण्याआधी झेरॉक्स काढून ठेवावी आणि आपल्या प्रतीवर शाळेची पोच घ्यावी.

काही घरांत कांजिण्या झाल्या की दवाखान्यात न जाता कडुलिंबाचा पाला अंथरून आठवडा काढतात आणि मग प्रमाणपत्रासाठी डॉक्टरांकडे जातात. न तपासलेल्या दिवसांचा दाखला डॉक्टर देऊ शकत नाहीत. पाला खुशाल अंथरावा, पण पहिल्या दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवावं. पत्राला लागणारा पहिला कागद त्याच दिवशी हाती येतो.

मंगळवारी आर्या शाळेत गेली तेव्हा कपाळावरच्या काळ्या खपल्या तशाच होत्या. दारातल्या मावशी थबकल्या, वर्गशिक्षिकांनी फाइलमधला फिटनेसचा कागद दाखवला, आणि आर्या आपल्या बाकावर जाऊन बसली.