मॅच पावणेचारला, सागर पार्कला नाही

शुक्रवारी संध्याकाळी टीमच्या ग्रुपवर निरोप येतो : 'सर्व खेळाडू बंधूंना सप्रेम नमस्कार. कळविण्यास खेद वाटतो की काही अपरिहार्य कारणास्तव आपल्या रविवारच्या सामन्याच्या नियोजनात थोडा बदल करावा लागत आहे. आपणा सर्वांचे सहकार्य नेहमीच लाभले आहे, याही वेळी लाभेल ही खात्री आहे. सामना आता संकुलावर होईल, वेळही थोडी अलीकडे घेतली आहे, पावणेचार. कृपया नोंद घ्यावी.' यात भाषेची चूक नाही आणि नम्रतेतही काही कमी नाही. तरी रविवारी चार पोरं हमखास चुकीच्या मैदानावर उभी असतात आणि फोन करून विचारतात, 'भाऊ, मॅच शे का नही?'

जळगावच्या मेहरूणमधला एखादा हौशी फुटबॉल संघ डोळ्यांसमोर आणा. सामना ठरलाय 7 डिसेंबरला, साडेचारला, सागर पार्कवर. तिथे कुणाची तरी सभा लागते आणि मैदान हातचं जातं. दुसरं मैदान मिळतं, पण साडेचारची वेळही बदलावी लागते. कारण साधं आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जळगावात सूर्य साधारण पावणेसहाला मावळतो. पूर्ण सामना म्हणजे 45 मिनिटांचे दोन डाव, मधे जास्तीत जास्त 15 मिनिटांची विश्रांती आणि वाया गेलेल्या वेळेची भरपाई. असा एक तास पन्नास मिनिटांचा हिशेब धरला तर साडेचारला सुरू केलेला खेळ सहा वीसला संपेल. शेवटची पंधरा-वीस मिनिटं गोलकीपरला चेंडू दिसायचाच नाही. पावणेचारला सुरू केला तर 5:35 ला शिट्टी वाजते आणि उजेड असेतो पोरं बूट काढून बसतात. मे महिन्यात हेच गणित उलटं फिरतं. तेव्हा सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि चारचं ऊन खानदेशात कुणाला सोसवत नाही, म्हणून किक-ऑफ पाचपर्यंत पुढे न्यावा लागतो. डाव 35 मिनिटांचे करूनही सुटका होते, पण त्याला स्पर्धेच्या नियमांत मुभा हवी आणि दोन्ही संघ व पंच यांचं सामन्याआधीच एकमत हवं. हाफटाइमला अंधार पडतोय म्हणून दुसरा डाव छोटा करता येत नाही.

थोडक्यात, वेळ बदलायला ठोस कारण आहे आणि ते एका ओळीत सांगता येतं. 'अपरिहार्य कारणास्तव' वाचलं की माणूस समजतो, मॅनेजरची काहीतरी अडचण असेल, बदलेल पुन्हा. 'अंधार पडतो' वाचलं की तो घड्याळ लावतो.

आता मैदान. जळगावात 'संकुलावर या' म्हणणं धोक्याचं. छत्रपती शिवाजी महाराज क्रीडा संकुल वेगळं, मू. जे. महाविद्यालयाचं एकलव्य क्रीडा संकुल वेगळं. उलट जी. एस. ग्राउंड आणि शिवतीर्थ मैदान ही एकाच जागेची दोन नावं. पन्नाशीचा माणूस पहिलं म्हणतो, वीस वर्षांचा पोरगा दुसरं. म्हणून मैदानाचं पूर्ण नाव लिहावं, जुनं नाव असेल तर तेही लिहावं, आणि ज्या जागेशी घोटाळा होऊ शकतो ती जागा 'ही नव्हे' म्हणून सांगून टाकावी. लोकेशन पाठवतानाही एक गंमत होते. मॅनेजर घरी सोफ्यावर बसून 'करंट लोकेशन' दाबतो आणि अर्धी टीम रविवारी त्याच्या गल्लीत येते. नकाशात मैदान शोधून मगच पिन पाठवायची.

वरचा निरोप फसला तो नम्रता आधी आणि माहिती नंतर आल्यामुळे. बंद स्क्रीनवर निरोपाच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात. त्यात 'सप्रेम नमस्कार' आणि 'खेद' एवढंच दिसलं, तर दुकानात गिऱ्हाईक करणारा पोरगा फोन परत खिशात टाकतो. मी असतो तर असं लिहिलं असतं :

'बदल : मैदान आणि वेळ, दोन्ही.
रविवार, 7 डिसेंबर. किक-ऑफ दुपारी 3:45 (पावणेचार). आधीची 4:30 रद्द.
मैदान : छत्रपती शिवाजी महाराज क्रीडा संकुल (एकलव्य नव्हे). सागर पार्क रद्द.
मैदानावर हजर : 3:00.
सागर पार्कवर सभा आहे, आणि साडेचारला सुरू केलं तर अंधार पडतो. ऐनवेळी धावपळ होतेय, माफ करा मंडळी. ज्यांना दुकान लवकर बंद करावं लागेल त्यांनी मला फोन करा, गाडीची सोय बघतो.
उद्या, शनिवारी रात्री 9 पर्यंत "येतो" किंवा "जमणार नाही" एवढंच लिहा.'

सगळी आदब शेवटी आहे आणि ती गाडीच्या सोयीत आहे. आकडा आणि अक्षर दोन्ही लिहिलेत, कारण घाईत पावणेचारचं सव्वाचार होतं. 'उद्या' सामन्याच्या दिवसाला लावलेला नाही, कारण शनिवारी रात्री बाराला पाठवलेला किंवा रविवारी सकाळी उघडलेला 'उद्या' सोमवार होतो. अंगठा मागितलेला नाही. अंगठ्याचा अर्थ 'वाचलं' की 'येतो', हे देणाऱ्यालाही माहीत नसतं.

आणखी एक चूक जाणते मॅनेजरही करतात. जुन्याच निरोपात वेळ दुरुस्त करतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला निरोप 15 मिनिटांपर्यंत सुधारता येतो, पण सुधारल्याची नवी सूचना कुणाच्या फोनवर वाजत नाही. ज्याने आधी साडेचार वाचलं, तो साडेचारच धरून बसतो. बदल म्हणजे नवा निरोप. तो वर पिन करायचा आणि जुना काढून टाकायचा. आपला निरोप दाबून धरून त्याची माहिती उघडली की कुणी वाचला, कुणी नाही, याची यादी दिसते. रात्री नऊनंतर त्या यादीतल्या उरलेल्यांना फोन करावा. टीममध्ये वयाने मोठे कुणी अण्णा असतील तर त्यांना ग्रुपवर न सोडता आधीच फोन केलेला बरा.

पण या सगळ्याच्या आधी एक पायरी आहे : समोरच्या संघाचा आणि पंचांचा होकार घेणं. 9 ऑक्टोबर 1996 ला तालिनमध्ये एस्टोनिया विरुद्ध स्कॉटलंड असा विश्वचषक पात्रतेचा सामना होता. स्कॉटलंडने मैदानावरच्या दिव्यांबद्दल तक्रार केली आणि फिफाने सामन्याच्या दिवशी सकाळी संध्याकाळचा किक-ऑफ दुपारी तीनवर आणला. एस्टोनियाचा संघ शहराबाहेर शिबिरात होता. इतक्या लवकर येणं जमणार नाही म्हणून तो आलाच नाही. स्कॉटलंडचे खेळाडू एकटेच उतरले, चेंडू हलवला आणि तीन सेकंदांत पंचांनी सामना थांबवला. प्रश्न दिव्यांचा नव्हता, दोन संघांपैकी एकाच्या हातात नवी वेळ पोचली पण पटली नव्हती. शेवटी 11 फेब्रुवारी 1997 ला मोनॅकोत तोच सामना पुन्हा खेळवला गेला आणि 0-0 असा सुटला.

मेहरूणच्या संघाला मोनॅको मिळणार नाही. फुटबॉलचा नियम सांगतो की एखाद्या संघाचे सातपेक्षा कमी खेळाडू मैदानावर असतील तर सामना सुरूच होत नाही. चौदा जणांच्या ग्रुपमधल्या आठांनी निरोप वाचला नाही, तर खेळ तिथेच संपला. तेव्हा ग्रुपवर असा निरोप आला की मॅनेजरने फोन करण्याची वाट पाहू नका. 'येतो' लिहा, नाहीतर 'जमणार नाही' लिहा.