शफलला लतादीदीच का सापडतात?

२००५ सालच्या सुरुवातीला ‘न्यूजवीक’ साप्ताहिकात तंत्रज्ञानावर लिहिणारे स्टीव्हन लेव्ही यांनी आपल्या आयपॉडवर जाहीर संशय घेतला. आयपॉडमध्ये हजारो गाणी भरलेली होती, शफल चालू होते, तरी ‘स्टीली डॅन’ या एकाच बँडची गाणी पुन्हा पुन्हा कानावर येत होती. यंत्राला आवडनिवड असते की काय, असा त्यांचा प्रश्न होता. ॲपलच्या लोकांनी त्यांना सांगितले, की असले काही नाही, क्रम अगदी निव्वळ योगायोगाने ठरतो. पण लेख छापून आला आणि अनेक वाचकांनी आपापल्या आयपॉडचे लाडके गायक कळवले. लेव्ही यांनी पुढच्याच वर्षी आयपॉडवर ‘द परफेक्ट थिंग’ हे पुस्तक लिहिले, तेव्हा त्याच्या वेगवेगळ्या प्रतींमध्ये प्रकरणांचा क्रमही वेगवेगळा ठेवला.

तक्रार करणारे खोटे बोलत नव्हते आणि ॲपलही खोटे बोलत नव्हते. दोघेही बरोबर कसे, हे एक छोटी यादी घेऊन हिशेब मांडला की उमगते.

समजा, कोणी मराठी भावगीतांची वीस गाण्यांची प्लेलिस्ट केली आहे. लता मंगेशकर, आशा भोसले, सुधीर फडके, सुमन कल्याणपूर आणि अरुण दाते अशा पाच जणांची प्रत्येकी चार गाणी. आता शफल दाबले. साधे शफल म्हणजे पत्ते पिसण्याचाच प्रकार, फक्त संगणक तो हाताने पिसण्यापेक्षा कितीतरी चोख करतो. त्याची पद्धत रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये कागद-पेन्सिलीने करण्यासाठी सांगितली होती, आणि संगणकाला सोयीचे तिचे रूप रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी १९६४ मध्ये दिले. वीस गाण्यांतून एक चिठ्ठी टाकल्यासारखे निवडायचे आणि शेवटच्या जागेवरच्या गाण्याशी त्याची अदलाबदल करायची. मग उरलेल्या एकोणीस जागांतून एक निवडून एकोणिसाव्या जागेशी अदलाबदल. असे खाली उतरत यायचे. एकोणीस फेऱ्यांत काम संपते. निवड खरोखर निःपक्षपाती असेल, तर वीस गाण्यांचा कोणताही क्रम येण्याची शक्यता अगदी सारखी असते. कोणतेही गाणे दोनदा येत नाही, कोणतेही सुटत नाही.

मात्र या पद्धतीला गायकाचे नाव ठाऊकच नसते. तिच्या लेखी ती वीस निनावी गाणी आहेत. पहिले गाणे लतादीदींचे निघाले, तर उरलेल्या १९ गाण्यांत त्यांची ३ राहतात. म्हणजे लगेचचे पुढचे गाणेही त्यांचेच असण्याची शक्यता १९ मध्ये ३. हेच गणित प्रत्येक गायकाला आणि यादीतल्या प्रत्येक जागेला लागू होते. वीस गाण्यांत शेजारी-शेजारी अशा १९ जोड्या असतात, तेव्हा एकाच गायकाची गाणी लागोपाठ येण्याचे प्रसंग सरासरी १९ गुणिले ३ भागिले १९, म्हणजे बरोबर ३.

तासा-सव्वा तासाच्या ऐकण्यात तीनदा तोच गायक लागोपाठ! आणि एकदाही तसे न घडणारा क्रम किती वेळा मिळेल? शंभर वेळा शफल केले, तर जेमतेम चार वेळा. ज्याला ऐकणारा माणूस ‘नीट मिसळलेली यादी’ समजतो, ती योगायोगाने मिळणे ही खरी दुर्मीळ गोष्ट आहे. लागोपाठ येणारी गाणी हा बिघाड नाही. निःपक्षपाती शफलचे ते साधे लक्षण आहे.

माणसाची अपेक्षा मात्र वेगळी असते. नाणे सलग तीनदा छापा पडले, की आता काटा ‘यायलाच हवा’ असे त्याला वाटते. तसेच लतादीदींची दोन गाणी झाली, की तिसरे दुसऱ्या कोणाचे तरी असावे, असे मन गृहीत धरते. नाण्याला आधीचे काही आठवत नाही, शफललाही गायक आठवत नाहीत. शिवाय सरमिसळ नीट झाली तेव्हा कोणी मोजत बसत नाही. मोजणी सुरू होते ती तोच आवाज पुन्हा आला की.

गणित पटवून ग्राहकाची तक्रार मिटत नाही, हे ॲपलच्या ध्यानात आले असावे. सप्टेंबर २००५ मध्ये आलेल्या ‘आयट्यून्स ५’ मध्ये ‘स्मार्ट शफल’ नावाची सोय होती. सेटिंगमध्ये एक सरकपट्टी दिली होती. ती एका बाजूला नेली की एकाच गायकाची किंवा अल्बमची गाणी लागोपाठ येण्याची शक्यता कमी व्हायची, दुसऱ्या बाजूला नेली की वाढायची. ती दाखवताना स्टीव्ह जॉब्स यांनी हसत हसत कबूल केले, की शफल अधिक योगायोगाचे वाटावे म्हणून त्यातला योगायोग कमी केला आहे.

स्पॉटिफायचीही हीच वाट. तिथे आधी फिशर-येट्सचेच शफल होते आणि तिथेही तशाच तक्रारी येत होत्या. कंपनीचे अभियंते लुकाश पोलाचेक यांनी २०१४ मध्ये नव्या पद्धतीची माहिती एका लेखात दिली. मूळ कल्पना मार्टिन फीडलर यांच्या २००७ च्या लेखातली होती, पोलाचेक यांनी ती सोपी केली.

ही पद्धत आपल्या वीस गाण्यांना लावून पाहू. यादी म्हणजे ० ते १०० अशी एक सरळ रेघ मानायची. लतादीदींची गाणी चार, म्हणून ती साधारण २५ च्या अंतराने यायला हवीत. पण अंतर अगदी २५ ठेवले, तर क्रम वेळापत्रकासारखा ठरीव होईल. म्हणून सुरुवातीची जागा योगायोगावर सोडायची आणि पुढचे प्रत्येक अंतरही २० ते ३० च्या दरम्यान हलते ठेवायचे. समजा सुरुवात ७ वर झाली. पुढची अंतरे २७, २२ आणि २६ निघाली, तर गाणी बसली ७, ३४, ५६ आणि ८२ वर. चारांपैकी कोणते गाणे आधी, हे त्या चारांना आपसात पिसून ठरते. आशाताईंची सुरुवात ३ वर झाली, तर त्यांची गाणी ३, २७, ५४, ७८ अशी कुठेतरी पडतील. उरलेल्या तिघांचेही असेच करायचे आणि मग सगळी गाणी आकड्यांच्या चढत्या क्रमाने एका माळेत ओवायची. लतादीदींच्या दोन गाण्यांमध्ये किमान २० ची जागा मोकळी राहते आणि तिथे बाकीच्या चौघांपैकी कोणी ना कोणी येऊन बसतोच. जोड्या जवळजवळ संपतात आणि तरीही दर वेळी क्रम वेगळा निघतो.

याची किंमत अशी, की हे शफल आता निःपक्षपाती राहत नाही. साध्या शफलमध्ये ज्यांची पाळी कधी ना कधी आली असती, असे बहुतेक क्रम त्यात येतच नाहीत.

तरीही काही तक्रारी या पद्धतीने सुटत नाहीत. शंभर गाण्यांच्या यादीत लतादीदींचीच तीस असतील, तर ती कितीही समान पसरली तरी दर तिसरे-चौथे गाणे त्यांचे येणार. निम्म्याहून जास्त असतील, तर लागोपाठ येणे टाळताच येणार नाही. यादी करताना माणूस एकेक गाणे आवडीने घालतो, कोणाची किती झाली हे बघत नाही. गायकानुसार यादी लावून पाहिली, की शफलवरचे अनेक आरोप तिथेच गळून पडतात.

दुसरी अडचण रोजच्या ऐकण्याची. शंभर गाण्यांची यादी आज शफल करून पंधरा ऐकली, उद्या नव्याने शफल करून पुन्हा पंधरा ऐकली, तर सरासरी दोन-सव्वादोन गाणी दोन्ही दिवशी येतात. एकही न येण्याची शक्यता शंभरात सातच. उरलेली पंच्याऐंशी गाणी यादीच्या शेपटीला राहतात आणि तिथवर कोणी पोहोचत नाही. गायक पसरवणारी पद्धत एका क्रमापुरते बघते, कालचे तिला माहीत नसते. त्यासाठी अलीकडे स्पॉटिफायने वेगळा पर्याय आणला आहे. त्यात अनेक क्रम तयार करून नुकतीच ऐकलेली गाणी मागे ढकलणारा क्रम निवडला जातो. ज्यांच्याकडे तो नाही, त्यांनी दर वेळी नवे शफल न करता काल थांबवलेला क्रमच पुढे चालवला, तरी हा त्रास टळतो.

तिसरी गोष्ट नावांची. यंत्र आवाज ओळखत नाही, गाण्यासोबत नोंदलेले नाव वाचते. चित्रपटगीतांत गायकाच्या जोडीला किंवा त्याच्या आधी संगीतकाराचे नाव असते, युगुलगीतांत दोन गायक असतात. संगीतकाराचे नाव धरून गाणी पसरली, तर आवाज तोच राहून लागोपाठ येऊ शकतो. स्वतःच्या फाइलींमध्ये एकाच गायिकेचे नाव कुठे मराठीत, कुठे इंग्रजीत असेल, तर यंत्राला त्या दोन निराळ्या गायिका वाटतात.

मार्च २००३ नव्हे, तर मार्च २०२३ मध्ये म्हणजे ॲपलनंतर तब्बल सतरा-अठरा वर्षांनी स्पॉटिफायने ‘स्मार्ट शफल’ हेच नाव एका निराळ्याच सोयीला दिले, त्यामुळे आणखी गोंधळ होतो. इथे फक्त क्रम बदलत नाही. पैसे भरणाऱ्या ग्राहकाच्या पंधराहून अधिक गाण्यांच्या यादीत दर तीन गाण्यांमागे एक, अशी यादीत नसलेली गाणी सुचवून मध्ये घातली जातात. अशा गाण्यांपुढे चमचमत्या ताऱ्यांची खूण असते. सूचना यादीच्या वळणाला धरूनच असल्याने ओळखीचा गायक त्या वाटेनेही परत येऊ शकतो. ज्याला फक्त आपलीच गाणी उलटसुलट हवी आहेत, त्याने साधे शफलच निवडावे.

आपल्या फोनमध्ये कोणते शफल चालते, हे घरबसल्या पडताळता येते. प्रत्येक गायकाच्या गाण्यांची संख्या घ्यायची, तिला एकाने कमी संख्येने गुणायचे, सगळ्या गायकांची बेरीज करून एकूण गाण्यांनी भागायचे. आपल्या यादीत चार गुणिले तीन म्हणजे १२, पाच गायकांचे ६०, भागिले २०, उत्तर ३. शफल करून पुढच्या गाण्यांची रांग उघडायची आणि लागोपाठच्या जोड्या मोजायच्या. असे आठ-दहा वेळा करून सरासरी तीनच्या आसपास आली, तर क्रम निव्वळ योगायोगाचा आहे. ती शून्याजवळ राहिली, तर गायक कोणीतरी मुद्दाम पसरवले आहेत. आणि सातत्याने पाच-सहाच्या वर गेली, तरच यंत्रावर संशय घ्यायला जागा आहे.