पाटीवरची एक ओळ : 'विश्वासू' असं न लिहिता विश्वास कसा मिळतो?

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले होते. आमच्या शेजारचे काका करसल्लागार आहेत. तालुक्याच्या बाजारपेठेत दुकानांच्या वर त्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे, आणि दुकानदारांची जीएसटी व इन्कम टॅक्सची कामं ते करतात. ऑफिसची पाटी नवीन करायची होती. मला म्हणाले, "तू ते ब्रँडिंगवर पीएचडी करतेस ना, मग नावाखाली टाकायला एक चांगली ओळ सांग. फक्त फुशारकी वाटायला नको. गावात रोज सगळ्यांना तोंड दाखवायचंय."

त्यांनी स्वतः एक ओळ लिहून ठेवली होती : "तालुक्यातील सर्वात विश्वासार्ह कर सल्लागार". ती त्यांनाच खटकत होती, पण का खटकते ते सांगता येत नव्हतं. तेच या लेखात उलगडून बघू, कारण एका ओळीच्या या प्रश्नातून संशोधनाचा प्रश्न कसा तयार होतो हेही त्यात दिसतं.

ग्राहकाला नेमकं काय दिसत नाही?

अर्थशास्त्रात वस्तू आणि सेवांची एक जुनी विभागणी आहे. फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये दोन प्रकार मांडले. काही गोष्टींचा दर्जा घेण्याआधीच तपासता येतो, जसं साडीचं कापड हाताला लावून बघता येतं. काहींचा दर्जा वापरल्यावर कळतो, जसं खानावळीतलं जेवण. मग १९७३ मध्ये मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी तिसरा प्रकार जोडला : असं काम, ज्याचा दर्जा घेतल्यानंतरसुद्धा ग्राहकाला नीट ठरवता येत नाही. गाडीची दुरुस्ती हे त्याचं नेहमीचं उदाहरण. मेकॅनिकने बदललेला पार्ट खरंच खराब होता का, हे आपल्याला कधीच कळत नाही. या प्रकाराला क्रेडेन्स असं नाव आहे. मराठीत 'भरवशावर घ्यायची सेवा' म्हणता येईल.

वकील आणि करसल्लागार अगदी याच खान्यात बसतात. केस हरली ती वकिलामुळे की मुळातच कमजोर होती म्हणून? कर वाचला तो सल्ल्यामुळे की तसाही वाचणारच होता? ग्राहकाकडे उत्तर नसतं.

आता काकांची ओळ परत वाचा. 'सर्वात विश्वासार्ह' हा दावा बरोबर त्याच गोष्टीबद्दल आहे, जी ग्राहकाला तपासता येत नाही. शिवाय तो लिहायला काहीच खर्च येत नाही. प्रामाणिक माणूस तो लिहू शकतो, आणि लबाड माणूस तर आधी लिहील. दोघांच्या पाटीवर तीच ओळ असेल तर ती वाचून दोघांत फरक करता येत नाही, म्हणजेच तिच्यात माहिती शून्य आहे. एक सोपी कसोटी सांगते : ओळ उलटी करून बघा. "आम्ही विश्वासार्ह नाही" असं कुणी पाटीवर लिहील का? लिहिणार नसेल, तर सुलट ओळीतूनही काही सांगितलं जात नाही.

मग नम्रपणे लिहायचं का?

काकांचा पुढचा प्रयत्न असा होता : "आपल्या प्रेमामुळे कधी २५ वर्षे झाली कळलेच नाही". ऐकायला गोड आहे. पण ओव्हुल सेझर, फ्रान्चेस्का जिनो आणि मायकेल नॉर्टन यांनी २०१८ मध्ये नम्रतेच्या आड केलेल्या बढाईवर प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांना असं आढळलं की अशी बढाई सरळ केलेल्या बढाईपेक्षाही कमी प्रभावी ठरते, कारण ऐकणाऱ्याला ती मनापासून आलेली वाटत नाही. सरळ बढाई मारणारा निदान उघड बोलतो, हा तर आडून बोलतोय, असं वाटतं.

म्हणजे अडचण सुराची नाहीच. आवाज खाली आणला तरी दावा तोच राहिला : 'मी चांगला आहे.' बदलायला हवा तो दाव्याचा विषय.

तपासता येणारं काय आहे ते शोधा

मी काकांना विचारलं, "दुकानदार तुमच्याकडे दुसऱ्या सल्लागाराची कसली तक्रार घेऊन येतात?" ते लगेच दोन गोष्टी बोलले. पहिली : जीएसटी नोंदणी करताना सल्लागार स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतो. मग ओटीपी आणि सूचना त्याच्याकडेच जातात. दुकानदाराला स्वतःच्या खात्यात शिरताही येत नाही, आणि सल्लागार बदलायचा म्हटलं की त्याच्या मागे फिरावं लागतं. दुसरी : कराचे पैसे सल्लागाराच्या हातात दिले जातात, पण चलन भरल्याची पावती महिनोन् महिने मिळत नाही. पैसे भरले गेलेच नव्हते, हे थेट नोटीस आल्यावर कळतं.

बघा, सल्ल्याचा दर्जा ग्राहकाला कळत नाही, पण या दोन्ही गोष्टी त्याला पूर्णपणे कळतात. ओटीपी आपल्या फोनवर आला की नाही, पावती हातात आली की नाही, हे ठरवायला कायद्याचं ज्ञान लागत नाही. भरवशावर घ्यायच्या सेवेतला हा छोटासा भाग अनुभवाने तपासता येतो, आणि गावातली भीतीही नेमकी त्याच ठिकाणी आहे.

म्हणून मी सुचवलं : "मोबाइल नंबर तुमचाच. पावती त्याच दिवशी."

काका म्हणाले, "त्याच दिवशी कसं जमेल गं? महिन्याच्या रिटर्नची मुदत २० तारखेला. त्या दिवशी पोर्टल लटकतं, ऑफिसात पन्नास माणसं बसलेली असतात." मग 'दोन दिवसांत' केलं. ही तडजोड महत्त्वाची आहे. 'सर्वात विश्वासार्ह' ही ओळ कधीच मोडत नाही, म्हणून तिची किंमत नाही. 'दोन दिवसांत' ही ओळ तिसऱ्या दिवशी मोडते, आणि अख्ख्या बाजारपेठेला ते कळतं. मोडण्याचा धोका आहे म्हणूनच तिला वजन आहे. पण म्हणूनच आकडा असा हवा, की सगळ्यात वाईट आठवड्यातही पाळता येईल.

दुसरी अडचण अधिक अवघड होती. काका जरा थांबून म्हणाले, "खरं सांगू का, आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या नोंदण्यांत माझाच नंबर आहे. फसवायला नाही, सोयीसाठी." म्हणजे ही ओळ तेव्हा खोटी ठरली असती. पोर्टलवर नंबर बदलता येतो, नव्या नंबरवर ओटीपी येतो, पण त्यासाठी एकेका दुकानदाराला बोलावून बसावं लागणार. शिवाय नंबर बदलला की ग्राहक सोडून जायला मोकळा. हा खर्च खरा आहे, आणि ज्याला ग्राहक अडकवून ठेवायचेत त्याला तो परवडत नाही. म्हणून ही ओळ लबाड माणूस सहज उचलणार नाही. पाटीचं काम काकांनी दोन महिने पुढे ढकललं. आधी नंबर, मग रंग.

वकिलाच्या बाबतीत पाटीच बंद

हीच युक्ती वकिलाला पाटीवर वापरता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला नियम ३६ वकिलाला काम मागायला आणि जाहिरात करायला मनाई करतो. पाटी माफक आकाराची हवी, आणि आपण अमुक प्रकारच्या कामात तज्ज्ञ आहोत असंही तिच्यावर दाखवता येत नाही. २००८ च्या दुरुस्तीने वेबसाइटवर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, पात्रता, कामाची क्षेत्रं अशी ठरावीक माहिती द्यायला वाट मिळाली. टॅगलाइन त्यात बसत नाही. सीएंनाही १९४९ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीने जाहिरातीवर बंधनं घातली आहेत, आणि त्यांच्या संस्थेची त्या वेळी लागू असलेली मार्गदर्शक तत्त्वं बघूनच काही लिहावं लागतं. काका सीए नाहीत, म्हणून त्यांना ओळ लिहायची मोकळीक होती. अभ्यासासाठी व्यवसाय निवडताना हा फरक आधी तपासा. नाहीतर जी ओळ लिहिणंच नियमाविरुद्ध आहे, तिचा परिणाम मोजत बसाल.

पण वकिलाची 'ओळ' पहिल्या भेटीत बोललेलं वाक्य असू शकते. प्रत्येक दाव्याला सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो, आणि ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर तो टाकला की पुढची तारीख दिसते. "हा नंबर फाइलवर लिहून देतो, तारीख तुम्ही स्वतःही बघत जा", असं म्हणणारा वकील जिंकण्याची हमी देत नाही, पण 'वकील तारीख खोटी सांगतो' ही पक्षकाराची भीती काढून टाकतो.

याचा अभ्यास करायचा झाला तर

पहिली चूक अशी होते, की तीन ओळी दाखवून "कोणती आवडली?" असं विचारलं जातं. आवडणं आणि विश्वास या वेगळ्या गोष्टी आहेत. मेयर, डेव्हिस आणि शूरमन यांनी १९९५ मध्ये विश्वासाची व्याख्या 'दुसऱ्याच्या वागण्यामुळे आपलं नुकसान होऊ शकतं हे माहीत असूनही ती जोखीम घ्यायची तयारी' अशा अर्थाने केली. म्हणून प्रश्नही जोखमीचा हवा : "या माणसाच्या हातात कराचे पैसे द्याल का?" समोरचा विश्वासपात्र आहे की नाही हे ठरवताना आपण तीन गोष्टी बघतो, असंही ते सांगतात : कुवत, आपल्याबद्दलचा सद्भाव आणि सचोटी. या तिन्ही वेगवेगळ्या मोजा. माझा अंदाज असा आहे, की काकांची नवी ओळ सचोटीचे गुण वाढवेल, पण कुवतीचे वाढवणार नाही. एकच 'विश्वास' मोजला तर हा फरक हरवेल.

दुसरी चूक तुलनेत होते. फुशारकीची ओळ आणि पावतीची ओळ दोन बाबतींत वेगळ्या आहेत : सूर आणि तपासण्याची सोय. परिणाम कशामुळे झाला ते कळणार नाही. म्हणून चार ओळी हव्यात : बढाईची आणि साधी, आणि दोन्हींचं तपासता येणारं व न येणारं रूप. "तालुक्यात सर्वात जलद पावती : दोन दिवसांत" ही बढाईसुद्धा आहे आणि तपासताही येते. प्रत्येकाला एकच ओळ दाखवा, लांबी सारखी ठेवा, आणि नमुन्यात एमबीएचे विद्यार्थी न घेता दुकानदार घ्या. ज्याने कधी चलनाच्या पावतीसाठी फेऱ्या मारल्या नाहीत, त्याला 'दोन दिवसांत' या शब्दांत काहीच दिसणार नाही.

या प्रयोगातून पहिल्या भेटीपुरतंच कळेल. ओळ पाळली गेल्यावर किंवा मोडल्यावर वर्षभरात काय होतं, त्यासाठी बाजारपेठेत जाऊन बसावं लागेल. काकांच्या निम्म्या ग्राहकांचे नंबर बदलून झालेत. पाटी अजून जुनीच आहे.